बजेट कोऱ्या कागदावरनं करायचं का मागच्या वर्षावर 8 टक्के चढवून? (कारखानदारी, हिशेब आणि थोडा पूर)

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

मंडळी, मदत पाहिजे. आमची फौंड्री, मध्यम आकाराची, दोन फर्नेस, महिन्याला अडीचशे टनांच्या आसपास चांगलं कास्टिंग बाहेर पडतं. मी अकाउंट्स बघतो, चौदा वर्षं झाली. बजेटची आमची पद्धत एकदम सरळ, मागच्या वर्षीचे आकडे घ्यायचे, सगळ्या हेडवर 8 टक्के चढवायचे, मालकांनी दोन ठिकाणी पेन मारायचा आणि चहा प्यायचा. तीन दिवसांत काम खलास.

यंदा धाकटे मालक कुठल्यातरी सेमिनारला जाऊन आले आणि आता म्हणतात झिरो बेस. सगळे हेड शून्यावर आणा, प्रत्येक रुपया का पाहिजे ते लिहून द्या. 64 हेड आहेत हो, आणि ऑफिसात माणसं आम्ही अडीच (अर्धा म्हणजे दुपारनंतर येणारा पोरगा). मार्चच्या आत संपवायचंय. थोरले मालक म्हणतात जुनं चाललंय ते बरं चाललंय. मी मधल्यामधी. कोणी खरोखर केलंय का हे? कधी करावं, कधी करू नये?

भुदरगडचा_गडी

आमच्याकडं चुलत्यानी तीन वर्षं केलं. जीवामृत, देशी गाईचं शेण, गूळ, बेसन. पहिल्या वर्षी उतारा पडला पण खताचं बिल वाचलं. ऊसाला जमत न्हाई म्हणत्यात पण भाजीपाल्याला करून बघा.

तालमीतला_पप्या

@भुदरगडचा_गडी भावा ती झिरो बजेट शेती 😂 ह्यांना फर्नेसमधी शेण घालायला सांगतोस व्हय

भुदरगडचा_गडी

आगं आई. शीर्षक नीट वाचलंच न्हाई. ऱ्हाऊ दे, गूळ लागला तर सांगा.

अनघा_राजारामपुरी

मी घरात करते की झिरो बेस्ड! चार वर्षं झाली. पगार जमा झाला की प्रत्येक रुपयाला काम नेमून द्यायचं, हप्ता, किराणा, पोराची फी, सहलीचा डबा, आणि शेवटी खाली शून्य उरलं पाहिजे. अ‍ॅप पण आहेत. काही अवघड नाही, एकदा सवय लागली की अर्ध्या तासाचं काम. 64 हेडना घाबरू नका.

कॉस्टिंगवाला

अनघाताई, नाव एकच पण गोष्ट वेगळी आहे. तुमचं शून्य शेवटाला आहे, उत्पन्नातनं सगळं वाटून खाली काही शिल्लक ठेवायचं नाही. ह्यांचं शून्य सुरुवातीला आहे, मागच्या वर्षी काय खर्च केला ह्याला काडीचा मान द्यायचा नाही. तुमच्या पद्धतीत किराणा मागच्या महिन्याएवढाच धरून पण शेवटी शून्य येऊ शकतं की नाही? येतं. म्हणजे वाटप कडक आहे, पण मूळ खर्चाला प्रश्न विचारलाच असं नाही.

आता हिशेबनीस साहेबांचं. माझं मत, 64 च्या 64 हेडना झिरो बेस करणं वेडेपणा आहे, आणि ज्यानं ही पद्धत काढली त्यानंसुद्धा तसं सांगितलेलं नाही. पीटर पायर नावाचा माणूस, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये होता, त्यानं 1970 च्या आसपास हे मांडलं. त्याचा भर संशोधन, प्रशासन, सपोर्ट खात्यांवर होता. जिथं माल किती निघाला त्यावरनं खर्च किती लागणार हे सरळ काढता येतं तिथं त्याची गरजच नाही.

तुमचंच उदाहरण घ्या. फर्नेसची वीज. एक टन लोखंड वितळायला तुमच्याकडं 600 च्या आसपास युनिट लागत असतील. मग पुढच्या वर्षीचं बजेट म्हणजे किती टन वितळवणार गुणिले टनाला युनिट गुणिले दर. ह्यात झिरो बेस करून काय शोधणार, लोखंड वितळवायची गरज आहे का? आणि मागच्या वर्षी अधिक 8 टक्के हे तर त्याहून वाईट, टनेज 15 टक्के पडलं तरी वीजबिल बजेटात वाढलेलंच. मग वर्षअखेरीला बजेटच्या आत आलो म्हणून पेढे. खरं तर टनाला युनिट 600 चे 640 झालेले असतात आणि कुणाला पत्ता नसतो.

तेव्हा स्क्रॅप, वीज, वाळू, बेंटोनाइट, कॉन्ट्रॅक्टवरची मजुरी हे सगळं बाजूला काढा, ते टनावर चालतं. किती हेड उरतात सांगा.

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

मोजले. 41 उरतात. पण त्यातले वीसेक एवढे बारके की (स्टेशनरी, पाहुण्यांचा चहा, कुरिअर) त्यावर लिहायला बसलो तर लिहिणाऱ्याचा पगार त्या हेडपेक्षा जास्त व्हायचा.

कॉस्टिंगवाला

मग त्यावर 5-6 टक्के चढवा आणि विसरा. तिथं जुनी पद्धतच बरोबर. लोक इन्क्रिमेंटलला उगीच शिव्या घालतात, ती स्वस्त आहे आणि त्यात भांडणं कमी होतात, हे काय थोडं आहे का.

रंकाळाकाठ

मी सरकारी नोकरीत होतो, आता निवृत्त. आमच्या महाराष्ट्रानं हे 1986 साली केलेलं आहे, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शून्याधारित अर्थसंकल्प. शंकरराव शिस्तीचा माणूस, हेतू चांगला होता, ज्या योजना नुसत्या कागदावर चालतात आणि मागच्या सालची तरतूद आहे म्हणून यंदाही मिळते त्या बंद करायच्या.

खाली आमच्याकडं काय झालं ते सांगतो. एका तालुक्याच्या ऑफिसात मी तेव्हा बारका क्लार्क. वरनं नवीन नमुना आला, प्रत्येक योजनेचा उद्देश लिहा, पर्याय लिहा, योजना बंद केल्यास परिणाम लिहा. आमच्या हेडक्लार्कनी मागच्या सालची फाईल काढली, आकडा तोच ठेवला, आणि आम्हा तिघांना बसवून त्या आकड्याला शोभेल असा उद्देश लिहून घेतला. परिणामाच्या रकान्यात सगळ्या योजनांना एकच वाक्य, "ग्रामीण जनतेची गैरसोय होईल". मी स्वतःच्या हातानं ते वाक्य तीसेक वेळा लिहिलं असेल.

दुसरं म्हणजे निम्म्याच्या वर खर्च पगाराचा. त्याला शून्य कुठनं आणणार?

तरीसुद्धा एक सांगतो. त्या लिहिण्याच्या नादात दोन योजना अशा सापडल्या की ज्यांचं काम कधीच संपलेलं होतं आणि माणसं मात्र तिथंच बसून होती. तेवढं झालं.

पुणेकर_मूळचा_कागलचा

काकांनी सांगितलं तेच अमेरिकेत पण झालंय. जिमी कार्टर जॉर्जियाचा गव्हर्नर असताना त्यानं पायरलाच बोलावून राज्यात हे लावलं. दहा हजारांच्या वर प्रस्ताव तयार झाले. एक माणूस ते वाचणार कधी? मग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1977 ला केंद्रात लावलं आणि 1981 ला रेगननं गुंडाळलं.

आणि कंपन्यांत म्हणाल तर क्राफ्ट हाइन्झ बघा. 2015 ला विलीनीकरण, वर झिरो बेसवाले मालक, सुरुवातीला मार्जिन बघून सगळे चाट. फेब्रुवारी 2019 ला ब्रँडची किंमत 15 अब्ज डॉलरच्या वर कमी करून लिहावी लागली. खर्च छाटता छाटता ब्रँड पण छाटला. म्हणून मी म्हणतो ह्या भानगडीत पडूच नका.

कॉस्टिंगवाला

एवढं सरळ नाही ते. त्याच काळात लोकांची डबाबंद आणि प्रोसेस्ड खाण्याची आवड पण बदलत होती, झिरो बेस नसता तरी त्या ब्रँडना मार बसलाच असता, किती तो वाद आहे. पण दहा हजारांचा मुद्दा एकदम मान्य. वाचणारा एक आणि लिहिणारे शंभर झाले की तो कागदांचा कारखाना होतो. धाकट्या मालकांना हेच विचारा, तुम्ही बसून किती वाचणार? दहा म्हणाले तर दहाच करा.

तालमीतला_पप्या

आमच्या मंडळाचं बजेट दरवर्षी कोऱ्या कागदावरनंच असतंय. कारण मागच्या सालचा खजिनदार वही घेऊन गायब असतोय.

अनघा_राजारामपुरी

😂😂 आणि वर्गणीचा आकडा मात्र बरोबर मागच्या वर्षीवर चढवून येतो दारात!

तालमीतला_पप्या

वहिनी ते इन्क्रिमेंटल. दोन्ही पद्धती जपतोय आम्ही. नाद खुळा.

मेंटेनन्स_दादा

मी फौंड्रीतच मेंटेनन्सला, 22 वर्षं. हा धागा वाचून राहवलं न्हाई म्हणून लिवतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो तिथं असंच कोऱ्या कागदाचं खूळ आलं. नवा मॅनेजर, यादी घेऊन बसला, प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न, मागच्या वर्षात किती वेळा वापरली? फर्नेसच्या कॉइलला थंड पाणी फिरवायला लाईट गेल्यावर चालणारा एक बारका डिझेल पंप होता. वर्षात किती वेळा चालला? एकदा पण न्हाई, कारण लाईट गेली की जनरेटर चालू व्हायचा. झालं, पंपाचं सर्व्हिसिंग आणि बॅटरी बजेटातनं बाहेर. वाचले किती, वर्षाला अठरा हजार.

पुढच्या उन्हाळ्यात लाईट गेली, नेमका जनरेटरनी दगा दिला. फर्नेसमधी लोखंड पातळ. पंपाकडं पळालो तर बॅटरी मेलेली. वरच्या टाकीचं पाणी होतं म्हणून कॉइल वाचली, न्हाईतर काय झालं असतं सांगवत न्हाई. पण लोखंड आतच गोठलं. लायनिंग फोडून सगळा गोळा बाहेर काढला, नवं लायनिंग, ते सुकवायचं, चार दिवस फर्नेस बंद. अठरा हजाराचं किती झालं ते तुमी हिशेब करा, तुमी हिशेबनीस.

तो मॅनेजर वाईट माणूस न्हवता, पर प्रश्नच चुकीचा विचारला त्यानी.

कॉस्टिंगवाला

दादा, शंभर नंबरी. झिरो बेसमध्ये मूळ प्रश्न "किती वेळा वापरलं" हा नाहीच. प्रश्न आहे "हे अजिबात नाही केलं तर काय होईल", आणि त्याच्या मागोमाग "कमीत कमी किती केलं तर भागेल". तुमच्या पंपाला पहिला प्रश्न विचारला असता तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं आणि अठरा हजार मुकाट मंजूर झाले असते.

@हिशेबनीस, म्हणून सेफ्टी आणि आणीबाणीच्या वस्तूंचं कलम अकाउंट्सच्या माणसानी एकट्यानी लिहायचं नाही. ते मेंटेनन्सच्या माणसानी लिहायचं.

आता कोरा कागद कुठं काढावा ह्याची माझी साधी कसोटी. प्रत्येक हेडला विचारा, हा खर्च कधी सुरू झाला आणि कशामुळं? उत्तर "कारखाना सुरू झाल्यापासनं" असेल तर सोडा. उत्तर एखादा प्रसंग असेल, अमुक साली तमुक झालं तेव्हा, तर बघा तो प्रसंग अजून आहे का. उदाहरण म्हणजे विजेची कॉन्ट्रॅक्ट डिमांड. तिसरी फर्नेस चालवायची म्हणून वाढवून घेतलेली असते, फर्नेस बंद पडते, डिमांड तशीच. तुम्ही कमी वापरली तरी कॉन्ट्रॅक्टच्या ठरावीक टक्क्यांवर चार्ज बसतोच. बजेटात ते "वीज" ह्या एका हेडात लपलेलं असतं, 8 टक्क्यांनी वर सरकत.

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

साहेब, ही कसोटी रात्री 41 हेडना लावून बघितली आणि घाम फुटला. डिमांडचं आमचं ठीक आहे, पण दुसरंच सापडलं.

2019 चा पूर आठवतोय ना सगळ्यांना. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, आमचा माल तयार होऊन गेटात पडलेला आणि गिऱ्हाईक पुण्याकडचं. नदीच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला गिऱ्हाईक. लाईन थांबायची वेळ आली, नंतर डेबिट नोट आली ती वेगळीच. तेव्हा थोरल्या मालकांनी सप्टेंबरात टोपच्या बाजूला, म्हणजे नदीपलीकडं, एक गोडाऊन घेतलं 28,000 महिना भाड्यानी. तिथं दोन चालू पार्टचा दहा दिवसांचा स्टॉक कायम ठेवायचा.

ते गोडाऊन अजून आहे. आणि गंमत बघा, करारात भाडं वर्षाला 5 टक्के वाढतं पण बजेटात मी सगळ्यांबरोबर 8 टक्के चढवत आलो. आता बजेटात महिन्याला 44,400 आहेत आणि प्रत्यक्ष भाडं 37,500. वर्षाला 80,000 च्या वर फरक. तो जातो कुठं म्हणून लेजर उघडलं तर दर मार्चमध्ये "गोडाऊन दुरुस्ती" म्हणून रंग काढलाय. सहा वेळा रंगवलेलं गोडाऊन जिल्ह्यात दुसरं नसेल.

बरं, चोरी न्हवे हो. स्टोअरवाला म्हणाला, बजेट शिल्लक राहिलं तर पुढच्या साली कमी मिळतंय, म्हणून लावला रंग.

तालमीतला_पप्या

पत्ता द्या, लग्न लावूया तिथं कुणाचंतरी.

रंकाळाकाठ

स्टोअरवाल्याला बोल लावू नका. आमच्याकडं मार्च म्हणजे सणच असायचा.

कॉस्टिंगवाला

हे गोडाऊन तुमच्या कोऱ्या कागदाचं पहिलं पान. पण रंगावर अडकू नका, तो 80,000 चा प्रश्न आहे. तिथं स्टॉक किती टन आणि किमतीला काय धरता?

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

30 टन धरा. खर्चाच्या भावानी किलोला 100 रुपये. म्हणजे 30 लाख.

कॉस्टिंगवाला

आणि कॅश क्रेडिटचं व्याज 10 टक्क्यांच्या आसपास असणार. मग वर्षाला 3 लाख व्याज त्या गोडाऊनमुळं जातंय, आणि ते गोडाऊनच्या हेडात दिसतच नाही, फायनान्सच्या हेडात आहे. भाडं साडेचार लाख, व्याज 3 लाख, एकूण साडेसात. मागच्या वर्षावर टक्के चढवताना हे दोन आकडे जन्मात शेजारी येत नाहीत.

आता तीन पर्याय लिहा. एक, गोडाऊन नाहीच, पूर आला तर काय होईल ते डेबिट नोटच्या जुन्या आकड्यासकट. दोन, फक्त पावसाळा, साधारण 15 जून ते 15 ऑक्टोबर. तीन, आहे तसं बारा महिने. मधल्या पर्यायाला गोडाऊनचा मालक भाडं जास्त मागणार, 45,000 धरा, चार महिन्याचे 1 लाख 80 हजार, आणि व्याज चारच महिन्याचं म्हणजे 1 लाख. 2 लाख 80 हजार. साडेसातशी तुलना करा. जानेवारीत पंचगंगा हायवेवर येत नाही हे सांगायला सेमिनारला जायला नको.

मेंटेनन्स_दादा

हिशेब बरोबर हाय पर एक इसरला. चार महिने म्हंजे नेमकं पावसाळ्यात माल ठेवणार. मशिनिंग केलेल्या तोंडाला गंज येतोय. तेल लावून, प्लॅस्टिकमधी, आन पहिला आलेला पहिला बाहेर काढायचा. न्हाईतर गिऱ्हाईक ऑक्टोबरात परत पाठवंल. त्याचे पैसे धरा.

पुणेकर_मूळचा_कागलचा

आणि 2021 च्या जुलैला परत आला की पूर. तेव्हा काय झालं तुमचं?

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

2021 ला ह्याच गोडाऊननी वाचवलं. हायवे परत बंद झाला, टोपमधनं माल गेला, एक दिवस लाईन थांबली न्हाई. म्हणूनच थोरले मालक त्याला हात लावू देत नाहीत. त्यांच्यासाठी ते गोडाऊन म्हणजे देव्हारा आहे. आणि खरं सांगू का, माझं पण मन धजत नाही पहिला पर्याय लिहायला.

कॉस्टिंगवाला

पहिला लिहायचाच, निवडायचा नाही. तो लिहिल्याशिवाय दुसऱ्याची किंमत थोरल्यांना कळणार नाही.

आणि एक खाच. हे प्रस्ताव महत्त्वाप्रमाणे एकाखाली एक लावून वरनं पैसे वाटत यायचे असतात. अशा याद्यांमध्ये हुशार खातेप्रमुख काय करतो, जी गोष्ट मालकाला जीव की प्राण आहे ती मुद्दाम यादीत शेवटी टाकतो, म्हणजे पैसे संपले की कात्री तिच्यावर येते, मालक कळवळून वरचे पैसे देतो आणि मधल्या फालतू गोष्टी आपोआप पास. तुमच्याकडं कुणी गोडाऊन शेवटी आणि सेल्सची भाड्याची गाडी मध्ये लिहिली तर समजून जा.

अनघा_राजारामपुरी

ह्याला म्हणतात सासूबाईंचं औषध यादीत शेवटी लिहायचं आणि वरती साडी. कळलं 😄

पण मला एक विचारायचंय. हे दरवर्षी करायचं? माझं घरचं दर महिन्याला होतं म्हणून म्हणते. यंदा गोडाऊन सापडलं, पुढच्या वर्षी काय सापडणार?

कॉस्टिंगवाला

चांगला प्रश्न. नाही. मी जिथं जिथं बघितलंय तिथं दुसऱ्या वर्षी लोक मागच्या वर्षीचाच कागद कॉपी करतात, म्हणजे काकांचं "गैरसोय होईल". त्यापेक्षा दरवर्षी आठ-दहा हेड, आळीपाळीनं, चार वर्षांत एक फेरी. मधे काही मोठं बदललं, गिऱ्हाईक गेलं, फर्नेस वाढली, तर त्या हेडचा नंबर लवकर लावायचा.

रंकाळाकाठ

आळीपाळीला माझा विरोध आहे. ज्याचा नंबर चार वर्षांनी तो तीन वर्षं निवांत फुगवतो. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कॉस्टिंगवाला

काका, नंबर आधी जाहीर करायचा नाही.

रंकाळाकाठ

जाहीर न करता आमच्या ऑफिसात कधी काही राहिलं होतं का? चहावाल्याला आधी कळायचं.

पुणेकर_मूळचा_कागलचा

मी अजून म्हणतो, जे काम आहे ते नेहमीच्या वेळी नीट लेजर बघण्याचं काम आहे. गोडाऊनचा करार 5 टक्क्यांचा आणि बजेट 8 चं, हे पकडायला झिरो बेस कशाला लागतो? करार वाचायचा.

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

@पुणेकर लागलं खरं, करार माझ्याच कपाटात होता. पण सहा वर्षं उघडला नाही कारण उघडायचं कारणच पडलं नाही. आकडा आधीच तयार होता ना समोर. व्याजाचं तर करार वाचून पण सुचलं नसतं.

असो, अपडेट देतो. धाकट्यांना विचारलं किती वाचणार, ते म्हणाले बारा. बारा घेतले, गोडाऊन, भाड्याच्या गाड्या, सिक्युरिटी, दोन कन्सल्टंट, बाहेरची टेस्टिंग वगैरे. टनावरचे हेड टनावर, बारक्यांवर 6 टक्के. मेंटेनन्सचं कलम आमच्या मेंटेनन्सवाल्यांनी लिहिलं, त्यांचा बजेट आकडा मागच्या वर्षीपेक्षा वाढला, आणि त्यांनी कारणं अशी लिहिलीत की कापायची छाती होत नाही.

गोडाऊनचं अडलंय. गोडाऊनचा मालक म्हणतो चार महिन्याला देत नाही, मधे दुसरा कोणी आला तर जूनला रिकामं मिळणार नाही. थोरले म्हणतात बघ, म्हटलं होतं की नाही. आता शेजारच्या फौंड्रीला विचारलंय, त्यांचं पण गिऱ्हाईक तिकडचंच, दोघांत मिळून बारा महिने घ्यायचं आणि आम्ही स्टॉक जूनलाच न्यायचा असं काहीतरी. त्यांचा निरोप सोमवारी येणार.

मेंटेनन्स_दादा

गंजाचं तेल धरलं का बजेटात?

हिशेबनीस_गोकुळशिरगाव

धरलं दादा. आणि रंग कापला.

तालमीतला_पप्या

स्टोअरवाल्याची गैरसोय होईल.